परिपूर्णतेपायी होणारी चालढकल

परिपूर्णतेपायी होणारी चालढकल : काम करता येते, वेळ आहे, करण्याची इच्छाही आहे, पण ते निर्दोष झाले नाही तर काय, या धास्तीने काम सुरूच न करणे किंवा जवळपास पूर्ण झालेले काम हातातून न सोडणे, असे या वर्तनाचे स्वरूप असते. आळसाशी त्याची गल्लत होते. अशी चालढकल करणारा माणूस त्या कामाभोवती दिवसभर राबत असतो. टिपणे काढतो, संदर्भ जमवतो, पहिले वाक्य पुन्हा पुन्हा बदलतो. फक्त दुसऱ्याच्या हाती देण्याजोगे काही तयार होत नाही.

जुन्या परंपरेत यासाठी ‘दीर्घसूत्री’ हा शब्द आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना ‘अलस’, ‘विषादी’ आणि ‘दीर्घसूत्री’ ही तीन विशेषणे वेगवेगळी दिली आहेत. लांबण लावणारा आणि आळशी यांना निदान शब्दांच्या पातळीवर तरी एक मानलेले नाही. महाभारताच्या शांतिपर्वातील तीन माशांच्या कथेत संकट दिसत असूनही हालचाल न करणाऱ्या माशाचे नाव दीर्घसूत्र असेच आहे. पंचतंत्रात त्याच्या जागी यद्भविष्य येतो. मात्र या दोन्ही ठिकाणी लांबणीमागे परिपूर्णतेचा हव्यास असल्याचे सुचवलेले नाही. ती जोड विसाव्या शतकातील मानसशास्त्राची आहे.

ही जोड खरी किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परिपूर्णतावादी माणूस चालढकल करतो हे उपचारकांचे जुने निरीक्षण. १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅमाचेक यांनी ‘सामान्य’ आणि ‘विकृत’ असे परिपूर्णतावादाचे दोन प्रकार सांगितले : पहिल्यात माणूस कष्टांतून समाधान मिळवतो, दुसऱ्यात कितीही केले तरी ते पुरेसे वाटत नाही. १९८४ मध्ये सॉलोमन आणि रॉथब्लम यांना विद्यार्थ्यांच्या चालढकलीमागे अपयशाची भीती हे एक ठळक कारण आढळले. परंतु २००७ मध्ये पिअर्स स्टील यांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा परिपूर्णतावाद आणि चालढकल यांचा संबंध जवळजवळ नगण्य निघाला. कामाचा कंटाळा, उतावळेपणा आणि ‘मला हे जमेल’ या विश्वासाचा अभाव ही कारणे त्यांना अधिक वजनदार वाटली. त्यावरून ही सारी कल्पनाच लोकप्रिय गैरसमज आहे, असेही काहींनी म्हटले.

हा वाद बराचसा मोजमापाचा आहे. १९९० मध्ये फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी परिपूर्णतावाद मोजण्यासाठी बनवलेल्या मापनश्रेणीत ‘स्वतःची उच्च मानके’ हा एक घटक आहे, तर ‘चुकांची धास्ती’ आणि ‘केलेल्या कामाबद्दल शंका’ हे निराळे घटक आहेत. पुढच्याच वर्षी ह्यूइट आणि फ्लेट यांनी स्वतः स्वतःवर लादलेला परिपूर्णतावाद आणि ‘लोक माझ्याकडून निर्दोषपणाचीच अपेक्षा करतात’ या समजुतीतून आलेला परिपूर्णतावाद यांत भेद केला. हे सारे एका बेरजेत टाकले की परस्परविरोधी कल एकमेकांना खोडतात. २०१७ मध्ये सिरॉइस, मॉल्नार आणि हिर्श यांनी दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून आढावा घेतला. धास्ती आणि शंका जास्त असलेली माणसे अधिक चालढकल करतात, तर नुसती मानके उंच असलेली माणसे उलट कमी करतात, असे त्यांना दिसले. दोन्ही संबंध फार बळकट नाहीत. पण त्यांच्या दिशा विरुद्ध आहेत. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य धरले आहे, कारण त्यामुळे जुने निरीक्षण आणि स्टील यांचा निष्कर्ष ही दोन्ही आपापल्या जागी बसतात.

चालढकल टिकून कशी राहते, हे समजणे सोपे आहे. काम पुढे ढकलले की छातीवरचा दाब त्याच क्षणी हलका होतो. ती सुटका हेच बक्षीस, म्हणून पुढच्या वेळी मन पुन्हा तीच वाट धरते. दुसरा लाभ याहून आत दडलेला असतो. शेवटच्या रात्री घाईने केलेले काम वाईट झाले, तर दोष वेळेवर जातो आणि आपल्या कुवतीची परीक्षा टळते. ‘वेळ मिळाला असता तर उत्तम लिहिले असते’ हे वाक्य कोणालाही खोडून काढता येत नाही.

या चालढकलीवरच्या उपचारात निर्दोषपणाऐवजी ‘पुरेसे चांगले’ हे मानक वापरतात. त्याचे मूळ तीन ठिकाणी दाखवतात. उत्तम हे चांगल्याचे शत्रू असते, अशा अर्थाची ओळ व्हॉल्तेअर यांच्या १७७२ मधील एका पद्यकथेत येते. तिथे ती एका इटालियन शहाण्याच्या तोंडचे वचन म्हणून दिलेली असल्याने म्हण त्याहून जुनी असावी. बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकात ‘पुरेशी चांगली आई’ ही संकल्पना मांडली. बाळाच्या गरजांना सुरुवातीला जवळजवळ पूर्ण आणि पुढे हळूहळू कमी प्रतिसाद देणारी आई, असा तिचा अर्थ. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये निर्णयाविषयी लिहिताना म्हटले, की सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम शोधणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. तो आधी एक पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पहिला पर्याय स्वीकारतो. उपचारात वापरले जाणारे मानक सायमन यांच्या कल्पनेला अधिक जवळचे दिसते. त्यात पातळी आधी ठरते आणि ती गाठली की शोध थांबतो, आणि चालढकल करणाऱ्याकडे नेमकी ही थांबण्याची खूणच नसते.

नागपुरात हा प्रश्न संशोधक विद्यार्थ्यांमध्ये विशेष जवळून पाहायला मिळतो. नागपुरी बोलीत चालू काम सांगताना ‘करून राहिलो’, ‘लिहून राहिली’ अशी रूपे येतात. मैत्रिणीने ‘प्रबंध कुठवर आला वं?’ असे विचारले की ‘लिहून राहिली ना’ हे उत्तर तयार असते. ते खोटेही नसते. पुढील उदाहरण एका व्यक्तीचे नाही, अशा अनेक अनुभवांतून जुळवलेले आहे.

एक संशोधक विद्यार्थिनी. विषय नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीच्या कामगारवस्त्या. पीएच.डी.चे चौथे वर्ष, दुसरे प्रकरण सात महिने अडलेले. टिपणांच्या दोन वह्या भरल्या आहेत, पण पहिला परिच्छेद पुढे सरकत नाही, कारण गिरणीच्या स्थापनेचे साल कोणते लिहावे हे ठरत नाही. जमशेटजी टाटांनी कंपनी स्थापन केली १८७४ मध्ये. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्या दिवशी, आणि त्यावरूनच गिरणीला नाव पडले. एका पुस्तकात पहिले साल, दुसऱ्यात दुसरे. तिने एक साल लिहिले, खोडले, दुसरे लिहिले, मग तिसरा आधार शोधायला बर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोन शनिवार घालवले. दोन्ही साले बरोबर आहेत, ती दोन वेगळ्या घटनांची आहेत, आणि ‘१८७४ मध्ये कंपनी स्थापन झाली व १८७७ च्या आरंभी गिरणी सुरू झाली’ एवढ्या एका वाक्यात हा प्रश्न मिटतो. हे तिला कळत नव्हते असे नाही. परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतील, ही धास्ती तिला सोडत नव्हती.

अशा वेळी ‘मानक कमी कर’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. ऐकणाऱ्याला तो ‘वाईट लिही’ असाच ऐकू येतो. विचार आणि वर्तन बदलू पाहणाऱ्या संज्ञानात्मक वर्तनोपचारात त्याऐवजी धास्ती खरी ठरते का हे पाहणारा प्रयोग मांडतात. तिने आधी आपल्या मार्गदर्शक मॅडमविषयीचे भाकीत कागदावर लिहिले : ‘कच्चे प्रकरण दिले तर मॅडम म्हणतील, हिला इतिहास लिहिता येत नाही.’ या भाकिताची खात्री १०० पैकी ८५. मग पुरेशा चांगल्या मसुद्याच्या फक्त तीन अटी ठरल्या. प्रकरणाचा प्रश्न पहिल्या पानावर स्पष्ट असावा. प्रत्येक विधानाला आधार असावा, नसेल तिथे ‘तपासणे’ असे लाल शाईत लिहून पुढे जावे. पंधरा पाने झाली की थांबावे. भाषा घासूनपुसून घेणे या यादीत नव्हते. रोज सकाळी दीड तास, असे आठ दिवस, आणि नवव्या दिवशी चार वाजता मसुदा मॅडमच्या टेबलावर. दिवस आणि वेळ मॅडमना आधीच कळवलेली होती, म्हणजे माघारीची वाट बंद.

परत आलेल्या मसुद्यावर अकरा खुणा होत्या. सात शुद्धलेखनाच्या, तीन लाल शाईतल्या जागांवरच आणि एक खरी मोलाची : वस्त्यांचे वर्णन फार उशिरा येते, ते पुढे आणावे. स्थापनेच्या वाक्याशेजारी काहीच नव्हते. भाकिताची खात्री ८५ वरून ४० वर आली. ती शून्यावर येत नाही आणि येण्याची गरजही नाही. चाळीसच्या धास्तीने माणूस लिहू शकतो. मोलाची ती एक खूण सात महिन्यांच्या घासाघाशीतून कधीच मिळाली नसती, कारण प्रकरणाची मांडणी चुकल्याचे लिहिणाऱ्याला एकट्याला दिसत नाही.

प्रयोग फसण्याची एक नेहमीची रीत आहे. तीन अटींच्या पाच होतात, पाचांच्या नऊ, आणि पुरेसे चांगले म्हणजे नेमके किती हे ठरवण्यातच नवा परिपूर्णतावाद उगवतो. ओळखायची खूण सोपी : काम सुरू झाल्यावर यादीत भर पडली का, आणि ठरलेली वेळ हलली का. दोन्हींपैकी एक जरी झाले, तरी धास्तीने मागच्या दाराने प्रवेश केला आहे असे समजावे.

हा उपाय प्रत्येक चालढकलीला लागू नाही. ज्या कामाला कोणी जोखणार नाही, उदा. विजेचे बिल भरणे किंवा गॅसची नोंदणी, तेही तितकेच रखडत असेल तर कारण बहुधा परिपूर्णता नसते; स्टील यांनी सांगितलेली कारणे, अवधानाची अडचण किंवा नैराश्य यांकडे पाहावे लागते. झोप, भूक आणि सगळ्याच गोष्टींतला रस गेलेला असेल, तर तीन अटींची यादी हाती देण्याआधी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. काही कामांत पुरेसे चांगले याचा अर्थच निर्दोष असा असतो. परिचारिका औषधाची मात्रा मोजते तेव्हा तिथे सवलत नाही. प्रबंधातही ती टप्प्यापुरतीच आहे : मसुद्यात ‘तपासणे’ हा शब्द चालतो, विद्यापीठात सादर करायच्या प्रतीत एकही लाल जागा उरता कामा नये. त्या तपासणीसाठी शेवटी वेगळे पंधरा दिवस राखून ठेवावेत. पहिल्या परिच्छेदावर ते खर्चू नयेत.