पुरवठादाराला दोषपूर्ण मालाबद्दल ईमेल: कधी पाठवायचा, सोबत काय जोडायचं

एकदा चार पिना खराब निघाल्या तर फोन पुरतो. तोच दोष दुसऱ्या-तिसऱ्या लॉटमध्येही दिसला, की सुधारात्मक कारवाईची लेखी मागणी करायची. पण आधी दोन गोष्टी तपासा: पुरवठादाराकडे ड्रॉइंगची चालू आवृत्ती आहे ना, आणि आपल्या मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन मुदतीत आहे ना. यातलं एक जरी चुकलं तरी तक्रार आपल्यावरच उलटते.

समजा, पिनेचा व्यास 11.98 ते 12.00 मिमी हवा आहे. सलग तीन लॉटमधून प्रत्येकी 50 पिना मोजल्या. 4, 6 आणि 9 जाड निघाल्या, काही तर 12.03 पर्यंत. ईमेलला प्रत्येक लॉटचा पीओ आणि चलन क्रमांक, मोजमापांचा पूर्ण तक्ता (फक्त वाईट आकडे नकोत, सगळे 50), आणि लॉटचं लेबल दिसेल असे फोटो जोडा. खराब पिना लॉटनुसार वेगळ्या ठेवा. पुरवठादाराचा माणूस त्या पाहायला येतो, आणि तोवर त्या भंगारात गेल्या असतील तर वाद तिथेच संपतो, तोही त्याच्या बाजूने.

विषयाची ओळ अशी: ‘पिन, व्यास जास्त, सलग तीन लॉट: सुधारात्मक कारवाई हवी’. मजकूर इतकाच पुरे:

‘सोबतच्या तक्त्यानुसार तीन लॉटमध्ये 150 पैकी 19 पिना मर्यादेबाहेर आहेत. तुमच्याकडचा आणि वाटेतला साठा 100 टक्के तपासून निकाल 5 तारखेला संध्याकाळी 5 पर्यंत कळवावा. दोष का निर्माण झाला आणि तुमच्या तपासणीत का सुटला, या दोन्हींचं मूळ कारण व केलेला बदल पुराव्यासह 15 तारखेपर्यंत पाठवावा. तोवर नवीन लॉटसोबत मोजमापाचा अहवाल हवा.’

‘लवकरात लवकर’ लिहू नका. त्याला तारीख नसते.

खरी कसोटी उत्तर आल्यावर लागते. ‘ऑपरेटरला समज दिली’ हे मूळ कारण नाही, आणि साठा निवडून देणं हा तात्पुरता बंदोबस्त आहे. लेथवर टूलची धार झिजत गेली की पिनेचा व्यास हळूहळू वाढतो. त्यामुळे ‘ठराविक पिनांनंतर ऑफसेट बदलत नव्हतो, आणि शिफ्टची फक्त पहिली पिन मोजत होतो’ हे उत्तर पटण्यासारखं आहे. त्यात दोष का आला आणि का सुटला, दोन्ही सापडतं. पुरावा म्हणून बदललेली तपासणीपत्रिका आणि शिफ्टच्या शेवटच्या पिनांची मोजमापं मागा.

तक्रार लगेच बंद करू नका. पुढचे तीन लॉट स्वतः मोजा, आणि ते मर्यादेत आले तरच बंद झाल्याचा ईमेल पाठवा.