नव्या फोनवर ऑथेंटिकेटरचा कोड चालत नसेल तर: आधी घड्याळ, मग खाती, शेवटी रीसेटचा अर्ज

नवीन फोनमध्ये ऑथेंटिकेटर ॲप दिसतंय, त्यात खात्याचं नाव आहे, दर तीस सेकंदांनी सहा आकडे बदलतायत, तरी डीमॅटच्या किंवा ऑफिसच्या लॉगिनमध्ये टाकले की `Invalid code`. दोन-तीनदा असं झालं की थांबा. अनेक ठिकाणी ठरावीक चुकांनंतर खातं काही काळ बंद होतं आणि मग साध्या दुरुस्तीच्या जागी अर्ज करत बसावं लागतं.

कारण दोनच असू शकतात. फोनचं घड्याळ चुकलंय, किंवा फोनमधली गुप्त किल्ली सर्व्हरकडच्या किल्लीशी जुळत नाही. खातं जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो त्यात हीच किल्ली असते. त्यानंतर फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतच नाहीत. दोघंही आपापल्या घड्याळातली वेळ घेतात, ती किल्लीबरोबर गणितात घालतात आणि सहा आकडे काढतात. म्हणून तर ठाण्याहून वाशीला जाताना लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी कोड दिसत राहतो.

या पद्धतीला टीओटीपी म्हणतात, आणि तिचं जाहीर मानक 2011 सालचं आहे, RFC 6238. त्यात वेळ मोजायची ती 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत, जागतिक प्रमाणवेळेनुसार, आणि त्याला 30 ने भागायचं, म्हणजे वेळेची तीस-तीस सेकंदांची घरं पडतात:

```
घर क्रमांक = सेकंद / 30   (पूर्णांक भाग)
1735689600 / 30 = 57856320
```

1 जानेवारी 2025 ला ठाण्यात पहाटेचे साडेपाच वाजले तेव्हा 57856320 क्रमांकाचं घर सुरू झालं. सर्व्हर साधारण चालू घराचा कोड आणि फार तर त्याच्या आजूबाजूच्या एखाद्या घराचा कोड मान्य करतो. म्हणजे फोन पाच-दहा सेकंद मागेपुढे असला तर बहुधा निभावतं. गाडी चुकू नये म्हणून घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. मनगटावरच्या घड्याळाला ती चालते. फोनमध्ये मात्र पाच मिनिटं म्हणजे दहा घरं, आणि तेवढ्या पुढचा कोड कोणी घेत नाही.

घड्याळ बरोबर दिसतं आणि तरी चुकीचं असतं

हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून एक उदाहरण नीट सांगते. कळव्याच्या एका गृहस्थांना भावाने दुबईहून फोन आणून दिला. सिम अजून जुन्या फोनमध्येच होतं, त्यामुळे नवा फोन घरच्या वायफायवर सुरू केला. फोनचा टाइमझोन दुबईचाच राहिला होता. आपल्याकडे अकरा वाजले असताना फोन साडेनऊ दाखवत होता. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ घेण्याचा पर्याय बंद केला आणि हाताने अकरा वाजवले. भिंतीवरच्या घड्याळाशी फोन तंतोतंत जुळला. त्या क्षणापासून ब्रोकरच्या ॲपने एकही कोड घेतला नाही.

झालं असं. दुबईची वेळ जागतिक वेळेच्या चार तास पुढे, आपली साडेपाच तास पुढे. फोनला वाटतंय की आपण दुबईत आहोत आणि इथे अकरा वाजलेत, म्हणजे जागतिक वेळ सात. खरी जागतिक वेळ तर साडेपाच. फोन आतून दीड तास पुढे गेला, म्हणजे 5400 सेकंद, म्हणजे 180 घरं. पडद्यावर दिसणारा कोड खोटा नव्हता, तो दीड तासानंतर चालणारा कोड होता. गंमत म्हणजे त्यांनी काहीच केलं नसतं, फोन साडेनऊ दाखवत राहिला असता, तरी कोड चालला असता, कारण टाइमझोन फक्त दाखवण्यापुरता असतो, गणितात जात नाही.

म्हणून भिंतीवरचं घड्याळ बघून फोन तपासू नका. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये `time.is` उघडा. फोनची वेळ किती पुढे किंवा मागे आहे ते तिथे लिहून येतं. या गृहस्थांच्या फोनवर दीड तासाचा फरक लगेच दिसला असता.

दुरुस्ती सोपी आहे. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये `Date & time` शोधा. फोनच्या कंपनीप्रमाणे ते `System` किंवा `General management` मध्ये असतं. वेळ आपोआप आणि टाइमझोन आपोआप, हे दोन्ही पर्याय चालू करा. आयफोनवर `Settings` → `General` → `Date & Time` → `Set Automatically`. टाइमझोन `GMT+05:30` आहे ना, हेही बघा. नंतर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि चालू कोड संपत आला असेल तर पुढच्याची वाट पाहा. लॅपटॉपवर लॉगिन करत असाल तर लॅपटॉपच्या घड्याळाला हात लावायची गरज नाही. कोड फोन काढतो आणि तपासतो सर्व्हर.

घड्याळ नीट आहे, तरी नाही चालत

जुना फोन अजून घरात असेल तर दोन्ही फोन शेजारी ठेवा. जुन्यात सिम नसलं, नेट नसलं तरी चालेल, फक्त त्याचीही वेळ बरोबर हवी. आता एकाच खात्याचा कोड दोन्हीकडे बघा.

आकडे वेगळे असतील तर किल्ल्या वेगळ्या आहेत. बहुतेक वेळा नव्या फोनवर जुना क्यूआर पुन्हा स्कॅन केलेला असतो. गॅलरीत दोन-तीन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट सापडतो आणि तो वापरला जातो. मधल्या काळात खातं एकदा नव्याने जोडलं असेल तर तो स्क्रीनशॉट मेलेला असतो. ॲप त्यातूनही मुकाट्याने आकडे काढत राहतं, कारण किल्ली रद्द झाल्याचं त्याला कळायला मार्गच नाही. आकडे सारखे असून दोन्ही नाकारले जात असतील तर सर्व्हरकडे तिसरीच किल्ली आहे, किंवा तुम्ही भलत्याच युजर आयडीचा कोड टाकताय. नवरा-बायको दोघांची डीमॅट खाती एकाच ब्रोकरकडे असतील तर ॲपमध्ये दोन्ही ओळींना ब्रोकरचंच नाव असतं. खालचा आयडी वाचून मगच कोड घ्या.

खाती हलवायची रीत

जुना फोन हातात असेल तर पात्रता एवढीच की खातं तुमचं आहे आणि त्या फोनचं लॉक तुम्हाला उघडता येतं. कागदपत्र एकही लागत नाही.

फोनचा सगळा डेटा उचलून नेणारी ॲप्स फोटो आणि नंबर नेतात, पण ऑथेंटिकेटर बऱ्याचदा रिकामं उघडतं. Google Authenticator मध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे. जुन्या फोनवर मेनूमधून `Transfer accounts`, मग `Export accounts`, हवी ती खाती निवडा, क्यूआर येईल. नव्या फोनवर त्याच मेनूमधून `Import accounts` घेऊन तो स्कॅन करा. खाती जास्त असतील तर क्यूआर एकाहून अधिक येतात, सगळे स्कॅन करा. 2023 पासून हे ॲप गूगल खात्यात साइन इन केल्यास किल्ल्या सिंकही करतं. तेव्हा नव्या फोनवर साइन इन केल्यावर त्या दिसतात का, हे आधी बघा. ऑफिसचं Microsoft Authenticator असेल तर ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना हा अनुभव असेल: बॅकअपमधून खात्याचं नाव येतं, पण ऑफिसचं खातं नव्याने साइन इन करून जोडावं लागतं, आणि जुना फोन नसेल तर कंपनीच्या आयटी विभागाला तिकीट टाकावं लागतं.

निर्यात झाली म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक खात्यात नव्या फोनच्या कोडने एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, तेही लॉगआउट करून. तोवर जुना फोन रीसेट करू नका. नवा फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये घेत असाल तर इथे खास लक्ष द्या, कारण डिलिव्हरीवाला दारात उभा राहून जुना फोन रीसेट करायला सांगतो आणि घाईत किल्ल्या जातात. शक्य असेल तर एक्स्चेंज न घेता फोन घ्या, किंवा डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी सगळ्या किल्ल्या घरातल्या दुसऱ्या फोनवर आयात करून ठेवा.

जुना फोन गेलाच असेल तर

आधी बॅकअप कोड शोधा. गूगल खातं 8 आकडी 10 कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. तेही नसतील तर ज्या संस्थेचं खातं आहे तिच्याकडे रीसेट मागावा लागतो. तो फक्त खातेदाराच्या नावानेच होतो. ब्रोकरकडे साधारण युजर आयडी, पॅन, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल लागतो, काही जण सेल्फी किंवा व्हिडिओ पडताळणीही मागतात. नोंदवलेला नंबरच बंद असेल तर आधी तो बदलण्याचा अर्ज, मग रीसेट, या क्रमाने जा.

फोन चोरीला गेला असेल तर पोलीस तक्रार, डुप्लिकेट सिम आणि मग `ceir.gov.in` वर फोन ब्लॉक करण्याची विनंती. तिथे तक्रारीची प्रत, ओळखपत्र, आयएमईआय नंबर आणि ओटीपीसाठी चालू मोबाइल नंबर लागतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सिम बदलून घेतल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे ब्रोकरचा ओटीपी त्या दिवशी येणार नाही. ईमेलवरचा ओटीपी चालत असेल तर तो घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी अर्ज करा. आणि आयएमईआय ब्लॉक झाल्याने फक्त नेटवर्क बंद होतं. ऑथेंटिकेटरला नेटवर्क लागत नाही, चोराने स्क्रीन लॉक उघडलं तर त्याला कोड दिसतच राहतील. म्हणून फोन ब्लॉक केला तरी प्रत्येक खात्याची किल्ली रीसेट करणं टाळू नका.

रीसेट मंजूर झाला की नवा क्यूआर मिळतो. तो स्कॅन करा, आणि शेजारी दिसणारी मजकुराच्या स्वरूपातली किल्ली कागदावर लिहून पॅन-आधारच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे पुढचा फोन बदलताना ती हाताने टाकता येईल. ॲपमध्ये त्याच नावाची जुनी ओळ उरली असेल तर नव्या कोडने एकदा लॉगिन झाल्यावर ती काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी तिचेच आकडे टाकले जातील.