इंटर्नशिपचा मेल टाइप करून घेण्याआधी

आमच्या डीटीपी सेंटरवर शेवटच्या वर्षाची मुलं मेलचा कच्चा मजकूर घेऊन येतात. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कोणत्याही विभागात, कोणतंही काम विनामोबदला करायला तयार आहे.’ लिहिणाऱ्याला ही नम्रता वाटते, वाचणाऱ्याला लाचारी. शिवाय या मुलाला कुठे बसवायचं, हे कोडं कंपनीनेच सोडवायचं! लहान कारखान्यात मेल बऱ्याचदा मालकच वाचतो, तोही कामाच्या गडबडीत. त्याला हो किंवा नाही म्हणता येईल एवढं नेमकं मागा.

समजा, नाशिकचा मेकॅनिकलचा विद्यार्थी अंबडच्या एका प्रेस टूल बनवणाऱ्या कारखान्याला लिहितो आहे:

विषय: टूल रूममध्ये इंटर्नशिपसाठी विनंती, जानेवारी ते एप्रिल (मेकॅनिकल, शेवटचं वर्ष)

मा. महोदय,
मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात शिकतो. आपण शीट मेटलची प्रेस टूल्स बनवता, हे आपल्या वेबसाइटवर पाहिलं. गेल्या सत्रात मी २ मिमी पत्र्यासाठी ब्लँकिंग डाय डिझाइन केली. ती प्रत्यक्ष बनवलेली नाही; ड्रॉइंग जोडलं आहे. आपल्या टूल रूममध्ये ५ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात इंटर्नशिप मिळू शकेल का? आठवड्यातले पाच दिवस पूर्णवेळ येऊ शकेन. आपला होकार आल्यावर कॉलेजचं ना हरकत पत्र आणून देईन. सध्या शक्य नसेल तर तसं कळवावं, ही विनंती.
आपला,
(नाव, कॉलेज, मोबाइल)

यातलं ‘प्रत्यक्ष बनवलेली नाही’ हे वाक्य मुलं खोडायला सांगतात. आम्ही ठेवायला सांगतो. टूल रूमच्या माणसाला ड्रॉइंग पाहताच ते कळतं, आणि आधीच सांगितलं असेल तर मुलाखतीत फजिती होत नाही. ना हरकत पत्राबद्दल मात्र कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसला आधी विचारा. काही ठिकाणी ते कंपनीच्या पत्राशिवाय देत नाहीत, काही ठिकाणी आधीच देतात. त्याप्रमाणे ते वाक्य बदला. मानधनाचा विषय पहिल्या मेलमध्ये काढू नका. फुकट करतो, असंही लिहू नका.

वीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलच्या ‘To’मध्ये टाकले की प्रत्येकाला बाकीचे एकोणीस दिसतात. वेगवेगळे मेल पाठवा, आणि आधीच्या कंपनीचं नाव मजकुरात राहिलं नाही ना, ते मोठ्याने वाचून तपासा. हा घोटाळा आमच्याच काउंटरवर दोनदा झालाय. बायोडाटा पीडीएफमध्येच जोडा. फाइलचं नाव `final_new2.pdf` नको, स्वतःचं नाव द्या.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळीत एकदा आठवण द्या. त्यानंतरही शांतता असेल तर पुढची कंपनी बघा.

येताना ड्रॉइंगची फाइल आणि तारखा घेऊन या. टायपिंग आम्ही करू, पण वरच्या डायच्या वाक्यासारखं स्वतःच्या प्रोजेक्टचं वाक्य तुम्हीच लिहून आणा.