जुनं मीम आणि झिजलेलं मीम

अक्षरं पुसट, फोटोवर बारीक चौकोनांची जाळी, कोपऱ्यात दोन-तीन पेजांची नावं एकमेकांवर चढलेली. असं मीम ग्रुपवर आलं की कुणीतरी म्हणतंच, "हे फार जुनं आहे." पण जुनं असणं वेगळं आणि झिजलेलं असणं वेगळं. डिजिटल फाइल नुसती पडून राहिली तर दहा वर्षांनीही जशीच्या तशी उघडते. ती खराब होते ती कुणीतरी पुन्हा सेव्ह केली, कापली, ताणली किंवा स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलली तेव्हा. म्हणजे ही झीज वर्षांची नसते, हाताळणीची असते.

मग दोन्ही सारखी का दिसतात? २००५च्या आसपासच्या फोनचे फोटो मुळातच लहान, कमी उजेडात दाणेदार आणि मऊ कडांचे असत. आपल्या डोळ्यांनी तेव्हापासून "अस्पष्ट म्हणजे जुनं" असं धरून ठेवलंय. दोन्हींतला फरक ओळखायची पहिली जागा मात्र फोटोत नाही, त्यावरच्या मजकुरात आहे. जुन्या फोटोवर आज कुणी मीम बनवलं, तर फोटो अस्पष्ट असेल पण मजकूर कडक, काळाभोर असेल, कारण तो आत्ता लिहिलाय. झिजलेल्या मीममध्ये फोटो आणि मजकूर दोन्ही एकाच मापाने खराब झालेले असतात.

मजकुराचं नेमकं काय होतं? बहुतेक मीम जेपीईजी प्रकारात सेव्ह होतात. हे मानक १९९२चं आहे. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार ढोबळ करून जागा वाचवते. आकाश किंवा भिंत यात फारशी बिघडत नाही. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराची कड मात्र बारीक चढउतारांशिवाय नीट उभीच राहत नाही. ते गेले की अक्षराभोवती राखाडी कण विखुरतात. देवनागरीत हे लगेच जाणवतं. शिरोरेषा लांब आणि जाड, म्हणून ती टिकते. अनुस्वार आधी बुडतो, मग उकाराचा आकडा, मग रफार. "गांव" आणि "गाव" वेगळे ओळखता येत नसतील तर ती फाइल बऱ्यापैकी रगडली गेली आहे. लाल अक्षरं आणखी लवकर फुटतात, कारण जेपीईजी सहसा रंगाची माहिती उजेड-अंधारापेक्षा कमी तपशिलात साठवते आणि लाल रंग कडेबाहेर पसरतो.

आता एक उदाहरण घेऊ. ठाण्यातल्या कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवरचं एक मीम आलं. वर पांढऱ्या पट्टीत मजकूर, खाली गाड्यांची रांग. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "हे मी दहा-बारा वर्षांपूर्वी बघितलंय." दिसायला तसंच होतं. पण फोटो मोठा करून पाहिला तर गाड्यांच्या मागे मेट्रो ४चे खांब होते आणि खांबांवर पूल चढलेला होता. २०१८च्या आधी घोडबंदरवर ते खांब नव्हतेच. काकांना आठवत होता तो याच विनोदाचा दुसरा फोटो असणार. हा फोटो त्यामानाने ताजा होता, फक्त खूप हातांतून गेला होता.

कुणाकुणाच्या हातांतून, तेही बरंचसं वाचता येत होतं. फाइल ७२० पिक्सेल रुंद होती. जाळीतला एक चौकोन मोजला तर तो ८ ऐवजी सुमारे १२ पिक्सेलचा निघाला. जेपीईजीचा चौकोन ८चा असतो, म्हणजे कधीतरी दाबलेली प्रत नंतर दीडपट ताणली गेली होती. ७२०ला दीडने भागा, तर आधीची प्रत सुमारे ४८० पिक्सेल रुंद असावी.

मग नावांकडे. डावीकडे खाली एक नाव होतं, पार विरघळलेलं. त्याच्याभोवतीचे कण आणि मजकुराभोवतीचे कण अगदी सारखे होते. म्हणजे ते नाव बहुधा मीम बनवणाऱ्याचं, किंवा अगदी सुरुवातीच्या कुणाचं. उजव्या कडेला दुसरं नाव उभं अर्धं कापलेलं. ज्याने कापलं तो त्या नावानंतरचा, आणि ते नाव काढायलाच त्याने कड छाटली असावी. वरच्या बाजूला काळी पट्टी उरली होती, बहुधा कुणीतरी स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून नीट कापला नसेल त्याची. तिसऱ्या पेजचं नाव या काळ्या पट्टीवर चढलेलं होतं, म्हणजे ते पट्टीनंतरचं. शिवाय त्या नावाच्या अक्षरांत १२ पिक्सेलची जाळी कुठेच नव्हती, कडा धारदार होत्या. चित्र ताणल्यानंतर, सगळ्यात शेवटी बसलेलं नाव ते. गंमत वाटते ती याची, की सगळ्यात ठळक दिसणारं नाव मूळ कर्त्यापासून सगळ्यात लांबचं होतं. श्रेय मात्र ग्रुपवर त्यालाच मिळत होतं, आणि हे मला खरंच खटकतं. ज्याला विनोद सुचला त्याचं नाव न वाचता येणारा डाग होऊन बसलं होतं.

यावरून किती जणांनी पुढे पाठवलं हे मोजता येईल का? नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की दरवेळी आणखी वाईट येते. जेपीईजीचं तसं नाही. चित्र न कापता, न ताणता, त्याच दर्जाने पुन्हा पुन्हा सेव्ह केलं तर पहिल्या एक-दोन वेळांनंतर फारसा फरक पडत नाही, कारण तेच चौकोन तसेच ढोबळ होतात. डावीकडून तीन पिक्सेल कापा, मात्र. सगळे चौकोन सरकतात आणि नव्याने नुकसान सुरू होतं. म्हणूनच नाव काढायला डावी किंवा वरची कड छाटणारे आणि चित्र ताणणारे सगळ्यात जास्त खराबी करतात. व्हॉट्सॲपवर नुसतं फॉरवर्ड केलं तर तीच फाइल पुढे जाते, तिचा पोत बदलत नाही. त्यामुळे दोन बाणांची, अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण असलेलं मीमही स्वच्छ असू शकतं. उलट एकाच माणसाने अगदी खालच्या दर्जात सेव्ह केलं तर एका फेरीतच दहा हातांची झीज दिसेल. नावं आणि कापलेल्या कडा यांवरून "किमान इतके टप्पे" एवढंच सांगता येतं. आमच्या उदाहरणात ते किमान चार होते: बनवणं, दुसरं नाव बसणं, कड कापणं आणि तिसरं नाव. ताणणं आणि स्क्रीनशॉट हे बनवण्यानंतरच्या कुठल्याही टप्प्यासोबत झालेले असू शकतात.

काही जण हौस म्हणून मुद्दामही चित्र रगडतात, रंग भडक करतात. तिथे बहुधा सगळ्यात वरचं नावही सारखंच भाजलेलं असतं, थरांचा फरक दिसत नाही.

फाइलच्या नावातली तारीखही फसवते. IMG-20240612-WA0007 असं नाव दिसलं तर १२ जून २०२४ हा ती प्रत व्हॉट्सॲपवरून तुमच्या, किंवा आधीच्या कुणाच्या, फोनवर उतरल्याचा दिवस. मीम त्या सकाळीच बनलं असेल, नाहीतर त्याआधी कित्येक वर्षं फिरत असेल. फोटोसोबतची कॅमेऱ्याची मूळ माहिती व्हॉट्सॲप साध्या फोटोतून काढून टाकतं, म्हणून तारखेसाठी पुन्हा चित्रातच शोधावं लागतं: मेट्रोचा खांब, दुकानाची पाटी, बसचा रंग.