एसटीपी : गल्लीतल्या किराणा दुकानातील उपयोग

ग्राहकांचे गट पाडणे (सेगमेंटेशन), त्यांतला एक निवडणे (टार्गेटिंग) आणि त्याच्या मनात दुकानाची ओळख पक्की करणे (पोझिशनिंग), अशी ही तीन टप्प्यांची विपणनपद्धत. गट पाडण्याची कल्पना वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये मांडली. पोझिशनिंग हा शब्द अल रीस व जॅक ट्राउट यांनी रूढ केला.

कॉलेजातल्या स्लाइडवर गट वय, उत्पन्न व शिक्षणाने पडतात. बेळगावच्या वडगाव-खासबाग या विणकरांच्या भागातल्या दुकानाला ते फारसे कामाचे नाहीत, कारण एकाच गल्लीत राहणाऱ्यांचे उत्पन्न साधारण सारखेच असते. फरक असतो तो पैसा हातात कधी येतो यात. म्हणून उधारीची वही हेच इथले खरे साधन. प्रत्येक खात्यापुढे गिऱ्हाईक पैसे कधी चुकते करते एवढे लिहिले की गट आपोआप दिसतात : यंत्रमागाच्या मजुरीवर आठवड्याला फेडणारे, पगारावर महिन्याची यादी देणारे आणि रोज पाव किलो साखर नाहीतर चहाची पुडी रोखीने नेणारे.

उदाहरणादाखल, आठवड्याची ४५ खाती प्रत्येकी ४०० रुपयांची आणि महिन्याची २० खाती प्रत्येकी २,५०० रुपयांची धरू. महिनेवाल्यांकडे महिनाअखेर ५०,००० रुपये अडकतात आणि विक्रीही तेवढीच होते. आठवडेवाल्यांकडे एका वेळी जास्तीत जास्त १८,००० अडकतात, पण ते महिन्यात चारदा फिरून ७२,००० ची विक्री देतात. यादी मोठी दिसते म्हणून महिनेवाल्यांच्या मागे लागणे ही इथे नेहमी होणारी चूक. भांडवल तोकडे असेल तर आठवडेवाला गटच निवडावा.

निवड म्हणजे बाकीच्यांना परत पाठवणे नव्हे. शेजाऱ्याला कोण नाही म्हणेल? निवड दिसते ती माल, वेळ आणि उधारीच्या मर्यादेत. तेल-डाळ छोट्या मापात बांधून ठेवायची, मजुरीच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवायचे, जुने खाते शून्य झाल्याशिवाय नवे लिहायचे नाही. ओळखही यातूनच घडते, फलकातून कमी. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर नामफलकावर ६० टक्के कन्नड बंधनकारक आहे, त्यामुळे फलकावर मराठी मजकुराला जागा थोडीच उरते. काउंटरवर मात्र समोरच्याच्या भाषेत, मराठीत वा कन्नडमध्ये, हिशेब वाचून दाखवता येतो. ‘तिथं मजुरी झाली की हिशेब चोख होतो’ असे गल्लीत बोलले जाऊ लागले की ओळख पक्की झाली.

धोका एकच, पण मोठा. साड्यांची मागणी पडली की माग थांबतात आणि सगळा गट एकदमच थकतो. पाच-सहा खाती सलग दोन आठवडे शून्यावर आली नाहीत, की ते एकेका घराची अडचण नसून मागांची आहे असे समजावे आणि पुढचा माल कमी भरावा. अशा वेळी पगारदारांची थोडी खाती आणि पुडीवाले रोखीचे गिऱ्हाईकच गल्ला चालवतात.