40 आणि 60 ची सरासरी 50 का नाही?

"जाताना ताशी 40 किमी, त्याच रस्त्याने येताना 60. सरासरी वेग 50 च ना? पर्यायातही 50 आहे!"

पर्यायात आहे म्हणूनच सावध राहा. घाईत बेरीज करून दोनने भागणाऱ्यांसाठीच पेपर काढणारा तो तिथे ठेवतो.

अंतर दिलेलं नाही, तर सोयीचं धरा: 120 किमी. जायला 3 तास लागले, यायला 2. एकूण 240 किमी, 5 तास. म्हणजे सरासरी 48. अंतर 60 किंवा 600 धरलं तरी 48 च येईल, करून बघा.

गोम अशी की अंतर सारखं असलं तरी वेळ सारखा नाही. गाडी 40 ने 3 तास चालली, 60 ने दोनच तास. त्यामुळे सरासरी 40 कडे झुकते. वेग वेगळे असले की उत्तर मधल्या आकड्यापेक्षा कमीच येणार. 50 वर काट मारायला एवढं पुरे.

सूत्रच हवं तर 2xy/(x+y), पण फक्त दोन समान अंतरांसाठी. प्रश्नात "पहिले 2 तास 40 ने, पुढचे 2 तास 60 ने" असेल तर मात्र 50 च बरोबर. तिथे हे सूत्र लावून चुकणारेही कमी नाहीत.