सहा सभासद वगळायचे होते, यादीत आले ३,६७३

दादरमधलं एखादं जुनं वाचनालय डोळ्यांसमोर आणू. सभासदांची मूळ नोंद काउंटरवरच्या संगणकात असते. वाचनालयाच्या वेबसाइटचा डेटाबेस वेगळा. रोज रात्री काउंटरच्या संगणकातून एक सीएसव्ही फाइल निघते आणि वेबसाइटचा सभासद-तक्ता तिच्याशी जुळवून घेतला जातो. या जुळवणीला सिंक म्हणतात. फाइलमध्ये जे आहे ते खरं मानायचं आणि तक्ता तसा करून टाकायचा, एवढंच सिंकचं काम.

हे काम करणारा प्रोग्राम प्रत्येक सभासदाचा क्रमांक दोन्हीकडे शोधतो. क्रमांक फाइलमध्ये आहे पण तक्त्यात नाही, तर नवी नोंद घालायची, म्हणजे इन्सर्ट. तक्त्यात आहे पण फाइलमध्ये नाही, तर काढायची, म्हणजे डिलीट. दोन्हीकडे आहे पण पत्ता किंवा फोन वेगळा, तर अपडेट. सगळंच सारखं असेल तर हात लावायचा नाही. ड्राय रनमध्ये प्रोग्राम इथपर्यंतच जातो. काय घालणार, काय बदलणार, काय काढणार याची यादी छापतो आणि थांबतो. तक्त्यात एक अक्षरही बदलत नाही.

आता आकडे घेऊ. ते उदाहरणापुरते आहेत. तक्त्यात ४,८१२ सभासद आहेत, फाइलमध्ये ४,८१५. गेला महिनाभर सिंक चाललेला नाही असं धरू. तेवढ्यात नऊ जण नवे आले, सहा जणांनी सभासदत्व सोडलं, तेवीस जणांचे पत्ते किंवा फोन बदलले. म्हणजे यादी अशी यायला हवी:

```
insert 9   update 23   delete 6   same 4783
```

प्रत्यक्षात मात्र ही आली:

```
insert 3676   update 7   delete 3673   same 1132
```

आधी दोन बेरजा करून पाहाव्यात. इन्सर्ट, अपडेट आणि न बदललेल्या नोंदी मिळून फाइलमधल्या ओळींएवढ्या भरल्या पाहिजेत: ३,६७६ + ७ + १,१३२ = ४,८१५. डिलीट, अपडेट आणि न बदललेल्या मिळून तक्त्याएवढ्या: ३,६७३ + ७ + १,१३२ = ४,८१२. दोन्ही जुळतात. म्हणजे फाइल अर्धवट वाचली गेलेली नाही आणि एकही ओळ गळालेली नाही. प्रोग्रामने दिलेलं काम चोख केलंय. गडबड त्याला दिलेल्या क्रमांकांत आहे.

खूण पाहा: इन्सर्ट आणि डिलीट दोन्ही प्रचंड आणि जवळजवळ सारखे. एका रात्रीत साडेतीन हजार माणसं सोडून जातील आणि तितकीच नवी येतील, हे कुठल्याच वाचनालयात होणार नाही. हीच माणसं दोनदा मोजली गेली आहेत, एकदा जाणारी म्हणून आणि एकदा येणारी म्हणून. यादीतली पहिली एक-दोन नावं घेऊन दुसऱ्या बाजूला शोधली की कारण समोर येतं:

```
- 00417   दादर
+ 417     बदलापूर
```

कोणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि तशीच सेव्ह केली. एक्सेलला 00417 ही संख्या वाटली, म्हणून पुढची शून्यं गेली. दहा हजारांच्या पुढचे क्रमांक तेवढे शाबूत राहिले, म्हणून १,१३९ नोंदी जुळल्या आणि बाकीच्या सगळ्या परक्या ठरल्या. सिंक थेट चालवला असता तर शेवटी तक्त्यात बरोबर ४,८१५ नोंदी दिसल्या असत्या. नुसती बेरीज बघणाऱ्याला काहीच खटकलं नसतं, आणि सकाळी साडेतीन हजारांवर सभासदांचं लॉगिन बंद पडलं असतं. यावर उपाय म्हणजे फाइल पुन्हा काढणं आणि ती एक्सेलमध्ये न उघडणं. बघायचीच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघावी. उघडावीच लागली तर डेटा आयात करताना त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ निवडावा. प्रोग्राममध्ये शून्यं परत जोडण्याची क्लृप्ती सुचते खरी, पण उद्या चार अंकी क्रमांक असलेली दुसरी शाखा आली की तीच अंगाशी येते.

नव्या फाइलवर ड्राय रन पुन्हा चालवला. आता इन्सर्ट ९, डिलीट ६. अपडेट मात्र २३ ऐवजी ५४. इथे नुसते आकडे पुरत नाहीत, ओळी वाचाव्या लागतात. त्यासाठी ड्राय रनने ‘अमुक नोंद बदलणार’ एवढ्यावर न थांबता कुठला स्तंभ, जुनं मूल्य काय आणि नवं काय हे छापायला हवं. अनेक प्रोग्राम इथेच आळस करतात, आणि मग ती यादी कोणी वाचत नाही.

चौपन्नपैकी चौदा ओळी एकाच चाळीच्या निघाल्या. पत्ते सगळे वेगवेगळ्या दिशांना गेलेले: विरार, डोंबिवली, मुलुंड. घाऊक बदल दिसला की संशय येतो, पण चाळ पुनर्विकासाला गेली की असंच होतं. हे बदल खरे आहेत. आणखी नऊ जणांचे फोन बदलले आहेत, तेही खरे. उरलेल्या एकतीस ओळी विचित्र आहेत:

```
~ 02063   surname: कऱ्हाडे -> कऱ्हाडे
```

डोळ्यांना दोन्हीकडे तेच दिसतं. संगणकाला दिसत नाही, कारण ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: थेट U+0931 हे एकच चिन्ह वापरून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी U+0930 आणि U+093C ही दोन चिन्हं वापरून. वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळी तऱ्हा वापरतात. पायथनमध्ये `ascii()` लावून मूल्य छापलं की फरक उघडा पडतो:

```
'\u0915\u0931\u094d\u0939\u093e\u0921\u0947'
'\u0915\u0930\u093c\u094d\u0939\u093e\u0921\u0947'
```

तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना एनएफसी नावाचं प्रमाणीकरण लावलं (`unicodedata.normalize('NFC', s)`) की या दोन्ही तऱ्हा एक होतात. एकतीसपैकी सत्तावीस ओळी तेवढ्याने गेल्या. चार राहिल्या. त्यांत ‘ऱ्’ तिसऱ्याच प्रकारे लिहिला होता: र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह U+200D. युनिकोड या रूपाला पहिल्या दोघांशी समान मानत नाही, त्यामुळे एनएफसी त्याला हात लावत नाही. त्यासाठी प्रोग्राममध्ये बदलीचा वेगळा नियम लिहावा लागतो. गोऱ्हे, कऱ्हाडे, कुऱ्हाडे ही आडनावं ज्या यादीत आहेत, तिथे हा नियम आज ना उद्या लागतोच.

असल्या पोकळ अपडेटनी प्रत्यक्ष नुकसान होत नाही असं वाटेल. पण ते दर रात्री परत येतात, यादी लांबवतात, आणि त्या गर्दीत खरा चुकीचा बदल नजरेतून सुटतो.

आता यादी मनासारखी आहे: ९, २३, ६. तरी सहा डिलीट नीट बघायला हवेत. सभासद-तक्त्याला पुस्तकांच्या देवघेवीचा तक्ता जोडलेला असतो. तो जोडताना `ON DELETE CASCADE` असं लिहिलेलं असेल, तर सभासदाची नोंद जाताच त्याच्या नावावरच्या सगळ्या देवघेवी डेटाबेस आपणहून पुसतो. हे काम सिंक प्रोग्राम करतच नाही, त्यामुळे त्याच्या यादीत ते दिसतही नाही. यादी म्हणते सहा, पुसल्या जातात शेकडो. म्हणून ड्राय रनमध्ये एक मोजणी मुद्दाम घालावी:

```sql
SELECT member_no, count(*) FROM loans
WHERE member_no IN ('00932', '04410')
GROUP BY member_no;
```

कंसात डिलीटच्या यादीतले सगळे क्रमांक येतील. त्यांतल्या कोणाकडे पुस्तक अजून घरी असेल किंवा कोणाची अनामत परत करायची राहिली असेल, तर पुसणं म्हणजे पुरावाच घालवणं. माझ्या मते सभासदांसारख्या तक्त्यात डिलीट असूच नये. ‘निष्क्रिय’ असा एक स्तंभ ठेवून त्यात तारीख भरावी, म्हणजे चुकलं तर परत फिरता येतं.

यादी मंजूर झाल्यावर काय चालवायचं, हा खरा कळीचा प्रश्न. बहुतेक जण तोच प्रोग्राम ड्राय रन बंद करून पुन्हा चालवतात. तो सगळी तुलना नव्याने करतो. संध्याकाळी सातला यादी वाचली आणि सकाळी दहाला चालवली, तर मधल्या पंधरा तासांत तक्ता बदललेला असू शकतो, आणि जे लिहिलं जाईल ते कोणी वाचलेलं नसेल. म्हणून ड्राय रनने यादी फाइलमध्ये साठवावी, आणि लिहिणाऱ्या भागाने फक्त तीच फाइल वाचून काम करावं. प्रत्येक अपडेटमध्ये जुनं मूल्यही अट म्हणून टाकावं:

```sql
UPDATE members SET address = 'बदलापूर'
WHERE member_no = '00417' AND address = 'दादर';
```

या सभासदाने रात्रीच वेबसाइटवरून पत्ता बदलला असेल, तर अट जुळत नाही आणि शून्य ओळी बदलतात. शून्य दिसलं की सगळा व्यवहार मागे घ्यायचा आणि यादी नव्याने काढायची. एक बारीक खोच आहे: जुना पत्ता रिकामा, म्हणजे `NULL` असेल, तर `=` ची अट कधीच जुळत नाही. तिथे पोस्टग्रेसमध्ये `IS NOT DISTINCT FROM` आणि मायएसक्यूएलमध्ये `<=>` वापरावं लागतं.

यादी काढणारा भाग ज्या खात्याने डेटाबेसला जोडला जातो, त्या खात्याला फक्त `SELECT` चा अधिकार द्यावा. मग प्रोग्राममध्ये ‘ड्राय रन असेल तर लिहू नको’ ही तपासणी एखाद्या ठिकाणी राहून गेली, तरी डेटाबेसच नकार देतो. काही जण याऐवजी सगळं खरोखर लिहून शेवटी `ROLLBACK` करतात, म्हणजे लिहिलेलं सगळं मागे घेतात. त्याचा एक फायदा आहे: दोन सभासदांचा एकच फोन चालणार नाही, असे डेटाबेसचे नियम आधीच कळतात. पण तोवर लिहिलेल्या ओळींवर कुलूप राहतं, आपोआप वाढणारे क्रमांक वाया जातात, आणि मधेच प्रोग्रामने सभासदाला ईमेल पाठवला असेल तर तो परत येत नाही. हा प्रयोग डेटाबेसच्या प्रतीवर करावा.

रात्री दोनला आपोआप चालणाऱ्या सिंकची यादी वाचायला कोणी जागं नसतं. तिथे मर्यादा आधीच आखून द्यावी: डिलीट वीसच्या वर गेले, किंवा फाइलमधल्या ओळी कालच्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त घटल्या, तर काहीही न लिहिता यादी साठवून थांबायचं. `rsync` या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये ड्राय रनसाठी `-n` आहेच, शिवाय डिलीटची कमाल संख्या ठरवायला `--max-delete` ही आहे. आपल्या वाचनालयात महिन्याला सहा-सात जण सोडतात, म्हणून वीस हा आकडा ठीक. मार्चअखेर वर्गणी न भरलेल्यांची नावं एकदम निघतात, तेव्हा ही मर्यादा आडवी येणार. त्या रात्री ती वाढवायची नाही. सकाळी कोणीतरी यादी वाचून हातानेच चालवायचं.